मदत हवी आहे: मॉनिटरवरची सावली जायला आता रात्र लागते

माझा आयपीएस पॅनेलचा एलसीडी मॉनिटर दहा वर्षांचा आहे. दिवसभर स्प्रेडशीट उघडी ठेवली आणि नंतर पूर्ण पडदा करडा केला, की चौकटींच्या रेघा आणि खालचा टास्कबार पुसट उमटलेला दिसतो. स्क्रीनशॉट मोबाइलवर पाहिला तर त्यात सावली नाही, म्हणजे दोष पॅनेलचाच. रात्रभर बंद ठेवला की सकाळी पडदा स्वच्छ असतो, पण पूर्वी हीच सावली अर्ध्या तासात जायची.

ओएलईडीत पिक्सेल कायमचे झिजतात; एलसीडीत द्रवस्फटिकाच्या थरात विद्युतभार साचतो आणि हळूहळू ओसरतो, एवढं मला माहीत आहे. मग ओसरायला वेळ का वाढतोय? बॅकलाइटची उष्णता कारण असेल का? ब्राइटनेस कमी करून कुणाला फरक जाणवला असेल तर कृपया सांगा.