मदत हवी आहे: एक्स्ट्रा कामाच्या बिलावर टीप कशी लिहायची? (अर्जंट)

रंधा_गोरेगाव
मंडळी, जरा घाईत आहे. अंधेरीत एका कंपनीच्या ऑफिसचं इंटिरियर केलं. काम संपलं, हँडओव्हर झाला. कोटेशनच्या बाहेर बरंच काम करायला लावलं, त्याचं एक्स्ट्रा बिल ९६,७०१ रुपयांचं पाठवलं तर अकाउंट्सवाले परत पाठवतात. म्हणे 'बिलावर जस्टिफिकेशन नोट लावा'. कुणाकडे अशा टिपेचा तयार नमुना आहे का? आज संध्याकाळपर्यंत मिळाला तर बरं होईल. सल्ले नकोत, मजकूर हवाय.

केतकी_क
माझंही सेम! मी लोगो करते. कोटेशनमध्ये तीन रिव्हिजन लिहिल्या होत्या, क्लायंटने इतक्या करून घेतल्या की फाइलच्या नावात 'फायनल' शब्द मावेना. शेवटी पुढच्या कोटेशनपासून मी 'चौथ्या बदलापासून ताशी दर' असं छापूनच टाकलं. तुम्हीही पुढच्या वेळी छापा.

रंधा_गोरेगाव
पुढच्या वेळचं पुढच्या वेळी बघू हो. आत्ताचं बिल अडकलंय.

नाना_मुलुंड
हे कॉन्ट्रॅक्टर लोक असंच करतात. आमच्या किचनच्या वेळी आधी स्वस्तात कोटेशन दिलं आणि मग 'काका, हे त्यात नव्हतं'. एक पैसा देऊ नका त्याला. लेखी दाखव म्हणावं.

केतकी_क
नाना, धागाकर्ते स्वतःच कॉन्ट्रॅक्टर आहेत.

काटकोन
नमुना देतो, पण आधी विचारलेल्याची उत्तरं द्या, नाहीतर नमुना घेऊन काय करणार? १) कंपनीने पीओ दिला होता का, कितीचा? २) ९६ हजारांत नेमकं काय काय आहे? ३) एक्स्ट्रा काम कुणी सांगितलं आणि कशावर? ४) मूळ कामाचं शेवटचं बिल गेलंय का?

रंधा_गोरेगाव
पीओ आहेच की, ६,४०,००० अधिक जीएसटी. ५० टक्के अॅडव्हान्स आणि ३० टक्के मधलं बिल मिळालं. २० टक्के बाकी, ते बिल अजून काढलं नाही, दोन्ही एकदम पाठवणार होतो.
एक्स्ट्रा: केबिनला जिप्सम पार्टिशन होतं, त्याऐवजी १२ एमएम टफन ग्लास. १२० स्क्वेअर फूट, ४८० दराने ५७,६००. इलेक्ट्रिकचे २४ पॉइंट ठरले होते, ३३ झाले, म्हणजे ९ गुणिले १,१५०, १०,३५०. आणि नाइट लेबर १४,००० कारण बिल्डिंगवाले दिवसा ड्रिल चालवू देत नाहीत. एकूण ८१,९५०, वर १८ टक्के. सगळं अॅडमिनच्या मॅडमनी सांगितलं, व्हॉट्सअॅपवर आहे.

हिशेबी
यात विचार करण्यासारखं काही नाही. डेबिट नोट काढा. जीएसटीच्या कलम ३४ मध्ये सरळ लिहिलंय, रक्कम वाढली की डेबिट नोट. नवं बिल काढणं चूक आहे.

रेवती_म
हिशेबी, इतकं सरळ नाहीये. आधीच निघालेल्या बिलात रक्कम कमी लागली असेल तर ती डेबिट नोट. हे ९ पॉइंट कुठल्याच बिलात आलेले नाहीत, ते वेगळं काम आहे, त्याचं वेगळं बिलच निघेल. काचेच्या फरकाबद्दल तुमच्या बाजूने थोडंफार म्हणता येईल, ते त्यांच्या सीएला ठरवू दे.
मी बारा वर्षं अशाच एका कंपनीत बिलं पास करायच्या खुर्चीत होते, म्हणून सांगते. 'जस्टिफिकेशन नोट लावा' म्हणजे निबंध लिहा असं नाही. समोरच्या माणसाच्या स्क्रीनवर पीओची रक्कम ६,४०,००० दिसते. त्याच्यावरचा एक रुपया सिस्टिम घेत नाही. तुम्ही कितीही छान टीप लिहिलीत तरी पीओ वाढवून मिळेपर्यंत ते बिल परतच येणार. म्हणून टीप अॅडमिनला उद्देशून लिहायची, अकाउंट्सला नाही. ती घेऊन अॅडमिन पीओची दुरुस्ती काढून घेणार, आणि मग बिल.

काटकोन
रेवतीताई बरोबर बोलल्या. आता माझा मुद्दा. रंधाभाऊ, जिप्समचे पैसे वजा केलेत का?

रंधा_गोरेगाव
जिप्सम लावलंच नाही, मग वजा काय करायचं?

काटकोन
लावलं नाही म्हणूनच. ६,४०,००० मध्ये त्या पार्टिशनचे पैसे धरलेले आहेत ना? मूळ कोटेशनमध्ये दर काय होता?

रंधा_गोरेगाव
१४०.

काटकोन
मग १२० गुणिले १४०, म्हणजे १६,८०० त्यांनी जिप्समचे दिलेत किंवा देणार आहेत. त्यावर काचेचे पूर्ण ५७,६०० लावले तर एकाच भिंतीचे दोनदा पैसे झाले. कंपनीत कुणी बीओक्यू उघडून बसला की पहिलं हेच पकडेल, आणि एकदा पकडलं की खरे असलेले ९ पॉइंटही संशयाने मोजायला माणूस पाठवतील. फरक दाखवा: ४०,८००.
दुसरं, १,१५० हा दर तुमच्या मूळ कोटेशनमधलाच आहे, तिथे कुणी वाद घालणार नाही. पण काचेचा ४८० कुठून आला? कोटेशनमध्ये काच नव्हतीच. काचवाल्याचं बिल जोडा. त्या दरात दाराचं फ्लोअर स्प्रिंग, पॅच फिटिंग, हँडल धरलंय की नाही हे एका ओळीत लिहा.

रंधा_गोरेगाव
धरलंय सगळं. काचवाल्याचं बिल मी दाखवणार नाही, माझं मार्जिन कळेल.

काटकोन
मग दुसऱ्या एका काचवाल्याचं कोटेशन तुलनेला जोडा. काहीतरी कागद लागेल.

हिशेबी
मार्जिन लपवायचं कशाला? १५ टक्के सरळ लिहावं.

रंधा_गोरेगाव
तुम्ही कधी साइट केली आहे का?

नाना_मुलुंड
आमच्याकडे काचेचा बाथरूम पार्टिशन आहे. त्यावर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, काय लावायचं?

केतकी_क
व्हिनेगर आणि पाणी, नाना. आता इथे नको.

रेवती_म
नाइट लेबरचं काय करताय? ते पॉइंटांसोबत एका बिलात घालू नका.

रंधा_गोरेगाव
का? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पोरं राबलीत. गुड्स लिफ्ट पण नऊनंतरच मिळायची.

रेवती_म
राबली असतील, प्रश्न तो नाही. बिल्डिंगचा नियम कोटेशन देताना होता की मध्येच आला? आधीपासून असेल तर कंपनी म्हणणार, साइट बघून दर दिलात ना. मध्येच आला असेल आणि बिल्डिंग मॅनेजमेंटचं तसं सर्क्युलर असेल तर तुमची बाजू भक्कम.
आणि वेगळं ठेवण्याचं खरं कारण पैशाचं आहे. तुम्ही टॅक्स इन्व्हॉइस काढलंत की त्यावरचा जीएसटी तुमच्या रिटर्नमध्ये जातो, क्लायंटने पैसे देवोत न देवोत. महिन्याचं रिटर्न भरत असाल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला ८१,९५० वरचे १४,७५१ तुमच्या खिशातून. बिल बुडालं म्हणून जीएसटी परत मिळत नाही. रक्कम कमी करून क्रेडिट नोट काढावी लागते, ते वेगळंच लफडं. म्हणून जे मान्य नाही त्याचं बिल काढायचं नाही, आधी प्रोफॉर्मा किंवा साधं पत्र. मान्य झालं की बिल.

हिशेबी
पण सेवा दिल्यावर ३० दिवसांत बिल काढायला हवं ना? तुम्ही थांबायला सांगताय.

रेवती_म
हो, म्हणूनच सहा महिने थांबायला सांगत नाहीये. हँडओव्हर नुकताच झालाय, या आठवड्यात होकार मागा. नाइट लेबरबद्दल त्यांचं उत्तर लांबलं तर सीएला विचारा, तिथे मी छातीठोक सांगणार नाही.
आणि २० टक्क्यांचं बिल आजच वेगळं पाठवा. १,२८,००० अधिक जीएसटी. ते पीओत बसतं, त्याला कुणी हात लावणार नाही. एकत्र पाठवलंत तर एक्स्ट्राच्या वादात तुमचे हक्काचे पैसेही अडकतील. आमच्याकडे अशी कितीतरी बिलं ट्रेमध्ये पडून असायची.

काटकोन
घ्या नमुना. इंग्रजीत करून ईमेलने पाठवा, व्हॉट्सअॅपवर नको.

'विषय: पीओ क्र. (तुमचा नंबर) अंतर्गत बदललेले व वाढीव काम, पीओ दुरुस्तीसाठी विनंती.
मूळ पीओ रक्कम ६,४०,००० अधिक जीएसटी.
बदल १: केबिन पार्टिशन, १२० चौ. फूट. बीओक्यूप्रमाणे जिप्सम, दर १४०, रक्कम १६,८०० वजा. त्याऐवजी १२ एमएम टफन ग्लास, दाराच्या फिटिंगसह, दर ४८०, रक्कम ५७,६००. निव्वळ वाढ ४०,८००. सूचना: अॅडमिन विभाग, दि. (मेसेजची तारीख), प्रत सोबत.
बदल २: इलेक्ट्रिक पॉइंट, ठरलेले २४, प्रत्यक्ष ३३. वाढ ९, बीओक्यूच्याच दराने १,१५०, रक्कम १०,३५०. जागा दाखवणारा नकाशा सोबत.
एकूण वाढ ५१,१५०, जीएसटी १८ टक्के ९,२०७, एकूण ६०,३५७.
सुधारित काम रक्कम ६,९१,१५० अधिक जीएसटी १,२४,४०७, एकूण ८,१५,५५७.
पीओ दुरुस्ती मिळताच या वाढीचे स्वतंत्र बिल सादर करू.'

'तुमच्या सांगण्यावरून', 'नाइलाजाने', 'वारंवार' असले शब्द नकोत. ते ईमेल मॅडमच्या साहेबांकडे पुढे जाणार, त्यात मॅडमची चूक दिसली तर त्या पाठवणारच नाहीत. पुढे बिल काढाल तेव्हा टिपेत दोनच ओळी: मूळ पीओ नंबर, दुरुस्तीचा नंबर आणि 'तपशील सोबतच्या पत्रात'.

केतकी_क
हे मी माझ्या लोगोला पण वापरू शकते का? जिप्समच्या जागी फाँट टाकून?

काटकोन
वापरा. जे ठरलं होतं ते वजा, जे दिलं ते अधिक.

हिशेबी
मॅडमना तेवढे अधिकार होते का, हे कुणीच विचारलं नाही. उद्या कंपनी म्हणेल, अॅडमिनला काच ठरवायचा हक्कच नव्हता.

काटकोन
हा प्रश्न मात्र बरोबर आहे. पीओवर सही कुणाची आहे, रंधाभाऊ? बदल लेखीच हवा असं अटींत आहे का? कंपनी अगदीच नाकारायला लागली तर कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम ७० चा आधार आहे. फुकट करायचं म्हणून न केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला तर मोबदला द्यावा लागतो. पण ५१ हजारांसाठी कोर्टात कुणी जात नाही.

रंधा_गोरेगाव
सही डायरेक्टरची. मागच्या पानावर बारीक अक्षरात काहीतरी आहे, 'व्हेरिएशन' असं दिसतंय, वाचून सांगतो. २० टक्क्यांचं बिल आत्ता पाठवलं. टीप पण पाठवली, काटकोन धन्यवाद, आकडे तसेच ठेवले.

रंधा_गोरेगाव
अपडेट. मॅडमचा फोन आला. पॉइंटचं मान्य, 'नकाशावर जागा दाखवल्यात ते बरं केलंत' म्हणाल्या. काच साहेबांनीच पसंत केली होती, त्यामुळे त्यांच्याकडे पाठवते म्हणाल्या. मागच्या पानावर लिहिलंय की बदल लेखी मान्यतेशिवाय धरला जाणार नाही. व्हॉट्सअॅप लेखी धरतात का?

हिशेबी
नाही धरत.

रेवती_म
धरतात, पण पीओत 'लेखी' म्हणजे कुणाची सही असं लिहिलंय का ते बघा. आणि चॅट डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर आधी एक्स्पोर्ट करून ठेवा. आता साहेबांच्या ईमेलवरून नुसतं 'ओके' आलं तरी काम होईल, त्याच्यामागे लागा.

रंधा_गोरेगाव
बरं. नाइट लेबरचं सर्क्युलर बिल्डिंग मॅनेजरकडे मागितलंय, तो म्हणतो सोमवारी ये.

नाना_मुलुंड
व्हिनेगरने डाग गेले नाहीत. आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काच बदला, एक्स्ट्रा लागेल.