मदत हवी आहे: कॅलेंडरच्या फोटोवरून बाबांची तिथी मंगळवारी की बुधवारी?

बाळीवेसकर
बाबांचं वर्षश्राद्ध मार्गशीर्ष वद्य सप्तमीला असतं. गावाकडून आईने भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवलाय. पानाला घडी पडलीय आणि वरून ट्यूबचा उजेड चमकतोय. वाचता येतं ते असं: सोमवारी व. ५ १५.४०, मंगळवारी व. ६ आणि पुढे १३.२० किंवा १८.२०, बुधवारी व. ७ ११.०५. आई म्हणते बुधवार, कारण सप्तमी त्याच चौकोनात छापलीय. धाकटा भाऊ पुण्याहून येणार, त्याला रजा टाकायचीय. शिवाय वेळा मुंबईच्या असतील तर सोलापूरसाठी किती मिनिटं वजा करायची?

रेवणसिद्ध
आईंचं बरोबर आहे. सूर्योदयाला जी तिथी तीच त्या दिवसाची. बुधवारी उजाडताना सप्तमी आहे, म्हणजे बुधवार. आकडा पुसट असला तरी काही बिघडत नाही.

जोशीकाकू
रेवणसिद्ध, चौकोनात तिथी छापण्याचा नियम तोच आहे, पण श्राद्धाला तो लागत नाही. श्राद्धाला अपराह्णकाळी असलेली तिथी धरतात. म्हणून इथे पुसट आकड्यावरच सगळं अवलंबून आहे.

आधी तो आकडा सोडवू. चौकोनातली वेळ म्हणजे ती तिथी संपण्याची वेळ, आणि तिथून पुढची सुरू होते. १८.२० मानलं तर सप्तमी मंगळवारी संध्याकाळी ६.२० ला लागून बुधवारी ११.०५ ला संपते, म्हणजे पावणेसतरा तासांची. एवढी छोटी तिथी असूच शकत नाही. ती साधारण वीस तासांच्या खाली जात नाही आणि सत्तावीसच्या वर चढत नाही. १३.२० मानलं तर षष्ठी २१ तास ४० मिनिटांची आणि सप्तमी २१ तास ४५ मिनिटांची होते. लागोपाठच्या तिथ्या अशाच जवळपास सारख्या भरतात. तेव्हा तो ३ च आहे.

आता अपराह्ण. दिवसाचे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाच सारखे भाग करायचे, त्यातला चौथा. त्या सुमारास सोलापूरला सूर्य ६.५५ च्या आसपास उगवतो आणि सहाला मावळतो. एक भाग सव्वादोन तासांना जरा कमी पडतो, म्हणून अपराह्ण साधारण १.३५ ते ३.४५. मंगळवारी १.२० ला सप्तमी लागलेली आहे, तो सगळा काळ तिच्यातच जातो. बुधवारी ती अकरालाच संपते. श्राद्ध मंगळवारी. भावाला रजा मंगळवारची टाकायला सांगा.

बाळीवेसकर
काकू, खूप आभार. मग मुंबईच्या वेळेतून वजाबाकी करायची ती १.२० मधून का?

जोशीकाकू
नाही. तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर ठरते, त्यामुळे ती संपण्याचा क्षण मुंबईत आणि सोलापुरात घड्याळाने एकच. सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय मात्र गावागणिक बदलतात. आपण मुंबईच्या पूर्वेला आहोत, म्हणून संकष्टीचा चंद्र आपल्याकडे दहा-बारा मिनिटं आधी दिसतो. फरक तिथे धरायचा.

हत्तुरे_पी
माझ्याकडेही असाच फोटो आहे. मुलीचा साखरपुडा ठरवायचाय. शुभ दिवसांच्या यादीत '१८ (दु. २' एवढंच आलंय, पुढची कड कापली गेलीय. सप्तमीला साखरपुडा चालतो का?

जोशीकाकू
भाऊ, हा धागा श्राद्धाचा आहे, सप्तमी त्यांच्या वडिलांची. तुमच्या यादीत दोननंतर 'प.' असेल तर दोनपर्यंत, 'नं.' असेल तर दोननंतर, म्हणजे अर्थ अगदी उलटा होतो. अठराच्या चौकोनात नक्षत्र दोनलाच बदलत असेल तर त्यावरूनच अट घातली असणार, पण कुठली बाजू शुभ हे तेवढ्यावरून सांगू नये. कडेसकट पान सपाट ठेवून पुन्हा फोटो मागवा.

रेवणसिद्ध
अपराह्णाचं मान्य. पण आमच्या घरचे गुरुजी मठाचं पंचांग वापरतात, त्यात तिथीच्या वेळा कॅलेंडरपेक्षा बऱ्याच वेगळ्या येतात. तिथे सप्तमी तीननंतर लागत असेल तर?

जोशीकाकू
हा मुद्दा खरा आहे. सूर्यसिद्धांताच्या जुन्या गणिताची पंचांगं आणि दृक् गणिताची, यांत काही तासांचा फरक पडू शकतो. आपल्या सोलापूरच्या दाते पंचांगाशी कॅलेंडर ताडून बघता येईल, पण मठाचं पंचांग पाळणाऱ्या घरात मी त्यांच्याविरुद्ध सांगणार नाही. बाळीवेसकर, तुमच्या घरी कुठलं चालतं?

बाळीवेसकर
बाबा असताना दातेच होतं. पण आता विधीला येणारे गुरुजी विजापूरकडचे आहेत, त्यांचं कुठलं ते विचारलेलं नाही. आज संध्याकाळी फोन करतो. त्यांच्याकडे बुधवार निघाला तर इथेच लिहितो. भावाला तोवर दोन्ही दिवस मोकळे ठेवायला सांगितलंय.