कॅलेंडरचं प्रूफ आलंय, चौकटींबद्दल बोलायचंय

सगळ्यांना नमस्कार,
दुकानाने २०२७च्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं प्रूफ पाठवलंय, सूचना मागितल्यात. माझी एकच मोठी तक्रार आहे, ती म्हणजे एका चौकटीत दोन तारखा. यंदाच्या ऑगस्टमध्ये २४ आणि ३१ एकाच चौकटीत तिरकी रेघ मारून कोंबल्या होत्या. मी ३१ची दाताच्या डॉक्टरांची वेळ तिथे लिहिली आणि लेकाला घेऊन २४लाच जाऊन आले, अर्धा दिवस फुकट गेला. प्रूफमध्ये जानेवारी, मे आणि ऑक्टोबरला परत तेच दिसतंय.
मीनल

मीनल, आठवडा सोमवारपासून सुरू करा म्हणावं, की हा प्रश्नच मिटला. आमच्या ऑफिसातलं तसंच आहे, त्यात असलं काही नसतं.
समीर

समीर, मिटत नाही रे, फक्त महिने बदलतात. मी बरीच वर्षं छपाईत काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रविवारपासून आठवडा धरला तर ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झाला की त्याला सहा ओळी लागतातच, ३० दिवसांच्याला शनिवारी सुरू झाला तर. जाळी पाचच ओळींची, म्हणून सहाव्या ओळीतल्या तारखा वरच्या चौकटीत कोंबतात. सोमवारपासून धरलं तर २०२७चे जानेवारी आणि ऑक्टोबर सुटतात हे खरं, पण मे तसाच राहतो आणि ऑगस्ट नव्याने अडकतो. म्हणजे तीनाचे दोन झाले, बस.

खरा उपाय म्हणजे बाराही महिन्यांना सहा ओळींचा साचा ठेवायचा. दुकानवाले म्हणतील की मग चौकटी बारीक होतात आणि लिहायला जागा उरत नाही. मी प्रूफवर पट्टी लावून बघितलं. जाळी १४० मिलिमीटर उंच आहे, पाच ओळींत चौकट २८ची होते, सहा ओळींत २३ची. गेले पाचच मिलिमीटर. जागा खातोय तो आकडा! १८ मिलिमीटरचा आकडा चौकटीच्या बरोब्बर मध्ये बसवलाय, त्यामुळे वर पाच आणि खाली पाच उरतात आणि हाताने लिहायला एका ओळीला सात-आठ तरी लागतात, म्हणजे चौकट मोठी असूनसुद्धा एक ओळ मावत नाही. तोच आकडा १०चा करून डाव्या कोपऱ्यात नेला तर सहा ओळींच्या चौकटीतही खाली १३ उरतात आणि शेजारची जागा वेगळी. १०चा आकडा दोन मीटरवरून आरामात वाचता येतो.
श्रीकांत

श्रीकांतकाका, आकडा लहान नका हो करू! बाबा समोरच्या खुर्चीतून बघतात, चष्म्याशिवाय. त्यांना आत्ताच १ आणि ९ सारखेच दिसतात, १९ तारीख तर ११ वाटते. आणि कॅलेंडरवर आम्ही काहीच लिहीत नाही, सगळं फोनवर.
वैशाली

वैशाली, १-९चा घोळ फॉन्टचा आहे. या फॉन्टमध्ये दोघांचं वरचं वेटोळं जवळजवळ सारखंच काढलंय, मग आकडा कितीही मोठा केला तरी गोंधळ होणारच. दुसरा फॉन्ट मागू. तरी बाबांसाठी १२-१३पर्यंत जाता येईल, खालची ओळ थोडी दाटेल.
श्रीकांत

सुट्ट्यांचं पण बघा ना. रविवारही लाल, सुट्टीही लाल, मग सुट्टी रविवारी आली की ती सुट्टी आहे हे कळतच नाही. शिवाय इथली सुट्टी आणि भारतातली सुट्टी दोन्ही एकाच लाल रंगात. मला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही, त्यामुळे हिरवा वापरा असं कोणी सुचवलंत तरी माझा उपयोग नाही.
प्रसाद

रंगावर विसंबूच नये. रविवार नुसता लाल अक्षरात ठेवा, इथली सुट्टी पूर्ण भरलेल्या गोलात पांढरा आकडा, भारतातली नुसत्या रिकाम्या गोलात, आणि सुट्टीचं नाव चौकटीच्या तळाशी बारीक. कळतंय की नाही ते बघायला त्या पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, झेरॉक्सवर सुट्टी ओळखता आली तर भिंतीवरही येईल.
श्रीकांत

पण नाव तळाशी टाकलं तर लिहायची ओळ परत गेली ना? आणि कागद गुळगुळीत आहे, त्यावर जेल पेन फिसकटतं, बॉलपेन उमटत नाही. फोटोच्या पानाला चकचकीत ठेवा, पण तारखांच्या पानाला साधा कागद मागा.
मीनल

कागदाचं एकदम बरोबर. नाव आकड्याच्या शेजारी, वरच्या पट्टीत बसतंय का बघतो, मात्र लांबलचक नावं दोन ओळींत तुटतील, त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. मे महिन्याचं पान हाताने आखून शनिवारपर्यंत पाठवतो.
श्रीकांत

आणि सोमवार का रविवार, ते ठरलं का?
समीर