मदत हवी आहे: ३१ मार्चला पासबुक आणि कॅशबुकमध्ये २८,०५६ रुपयांचा फरक

सुताची_गाठ
हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब बघतो. चालू खातं आहे. ३१ मार्च २०२५ ला कॅशबुकच्या बँक रकान्यात १,८४,३५० नावे शिल्लक, पासबुकात त्याच दिवशी २,१२,४०६ जमा. आपण दिलेले दोन चेक (३८,५०० आणि १२,०००, दोन्ही २८ मार्चचे) तोवर वटले नव्हते. ३१ ला भरलेला २७,४०० चा चेक २ एप्रिलला जमा झाला. हे धरूनही जुळत नाही. बँकेने काही जास्त जमा केलं असेल का?

चहाटळ
बँकेत एक अर्ज देऊन टाका. त्यांची चूक असेल तर त्यांनी शोधावी.

कीर्द_खतावणी
अर्ज एवढ्यात नको. आधी तुम्ही सांगितलेले तीन चेक मांडू. न वटलेल्या चेकचे ५०,५०० तुम्ही वहीतून वजा केलेत, बँकेने अजून केलेले नाहीत, म्हणून पासबुक तेवढ्याने जास्त दिसतं. २७,४०० तुम्ही वहीत घेतलेत पण बँकेने ३१ ला दिले नव्हते, म्हणून पासबुक तेवढ्याने कमी. दोन्ही मिळून २३,१०० चा खुलासा झाला. उरले ४,९५६, तेही पासबुकात जास्त. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद असतात, त्यामुळे ३१ चा चेक २ तारखेला दिसण्यात नवल नाही.

आता वही बाजूला ठेवून पासबुकाची मार्चची पानं घ्या. वहीत सापडलेल्या प्रत्येक रकमेवर दोन्हीकडे पेन्सिलने टिक करा. पासबुकात बिनटिकेच्या ज्या ओळी उरतील त्या इथे टाका.

सुताची_गाठ
तीन उरल्या.
१) १८ मार्च, चार्जेस, नावे ३५४
२) २१ मार्च, नेफ्ट जमा १६,०००, नाव अर्धवट छापलंय
३) २६ मार्च, चेक रिटर्न चार्जेस, नावे ५९०

मधली_सुट्टी
मग सोपं आहे. पासबुक शेवटी बँकेचा कागद, ते बरोबर धरायचं. जे वहीत नाही ते लिहा, जे चेक वटले नाहीत ते वहीत उलटवा, शिल्लक आपोआप एक होते. जुळवणी पत्रक कशाला हवंय?

कीर्द_खतावणी
पहिलं अर्धं बरोबर. चार्जेस आणि नेफ्ट वहीत यायलाच हवेत. पण चेक उलटवू नका. ३८,५०० चा चेक पार्टीच्या हातात आहे. तो उलटवलात तर त्यांचं देणं पुन्हा उभं राहील आणि एप्रिलमध्ये चेक वटला की तोच व्यवहार दुसऱ्यांदा लिहावा लागेल. मध्ये कुणी खातेउतारा बघून पुन्हा पैसे दिले तर ते वसूल करत बसा. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. तेवढ्यात वटला नाही तर पार्टीशी बोलून मग उलटवा. पत्रक याचसाठी असतं: दोन्हीकडे नोंद बरोबर आहे, फक्त तारीख मागेपुढे आहे, असे व्यवहार त्यात राहतात.

सुताची_गाठ, रिटर्न चार्जेस आहेत म्हणजे एखादा चेक परत आलाय. मूळ चेकची ओळ कुठे आहे?

सुताची_गाठ
२५ ला ९,२०० जमा आहे, त्यावर टिक केली होती. खाली २६ ला तेवढेच नावे आहेत. ते आपण दिलेल्या कुठल्या चेकचे असतील असं समजून सोडून दिलं.

कीर्द_खतावणी
तीच चौथी ओळ. परत आलेल्या चेकमध्ये बरेच जण इथेच अडकतात. बँक आधी जमा दाखवते, मग तेवढीच रक्कम नावे टाकते. जमेवर टिक झाली की डोळा पुढे जातो. वहीत मात्र ९,२०० आल्याचंच राहतं आणि गिऱ्हाइकाचं खातं चुकतं झालेलं दिसतं. त्याच्याकडून येणं पुन्हा उभं करा. कायदेशीर नोटीस द्यायची असेल तर चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी लागते, तेव्हा रिटर्न मेमो आजच शोधा.

या चार ओळींची बेरीज-वजाबाकी: १६,००० अधिक, ३५४, ९,२०० आणि ५९० उणे, म्हणजे ५,८५६ अधिक. हवे होते ४,९५६. आता ९०० उलट्या बाजूला गेले. रक्कम ९ ने पूर्ण भागते, म्हणजे कुठेतरी दोन आकडे अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायला जागा आहे. तुम्ही दिलेल्या चेकच्या रकमा अंकाअंकाने ताडा.

सुताची_गाठ
सापडलं! चेक ५,४७० चा, वहीत ४,५७० लिहिलाय. चेकनंबर जुळला म्हणून टिक केली होती.

कीर्द_खतावणी
नंबर आणि रक्कम दोन्ही बघून टिक करायची. आता आधी वही दुरुस्त करा, पत्रक नंतर:

कॅशबुक शिल्लक १,८४,३५०
अधिक नेफ्ट १६,०००
उणे चार्जेस ३५४
उणे परत आलेला चेक ९,२००
उणे रिटर्न चार्जेस ५९०
उणे रकमेची दुरुस्ती ९००
दुरुस्त शिल्लक १,८९,३०६

पत्रक इथून सुरू:
अधिक न वटलेले चेक ५०,५००
उणे जमा न झालेला चेक २७,४००
पासबुकाप्रमाणे २,१२,४०६

ताळेबंदात बँक शिल्लक १,८९,३०६ जाईल, २,१२,४०६ नाही. ३५४ मध्ये ३०० चार्जेस आणि ५४ जीएसटी आहे, ५९० मध्ये ५०० आणि ९०. दुकान नोंदणीकृत असेल आणि बँकेकडे तुमचा जीएसटी नंबर असेल तर कर खर्चात टाकण्याआधी जीएसटीआर-२बी बघा.

पाटावरची_वही
आमचं सीसी खातं आहे. हेच केलं तर फरक दुप्पट होतो. न वटलेले चेक मिळवायचे की वजा करायचे?

कीर्द_खतावणी
तुमची शिल्लक म्हणजे बँकेचं देणं. ती उणे आकडा म्हणून लिहा आणि चिन्हं वरच्यासारखीच ठेवा. वहीत उणे ६०,००० आणि १५,००० चा चेक वटायचा असेल तर पासबुकात उणे ४५,०००. देणं साध्या आकड्यात लिहून चेकही मिळवलात की ७५,००० येतात. खरं उत्तर ४५,०००, चूक ३०,००० ची, चेकच्या बरोबर दुप्पट.

टॅली_दादा
टॅलीप्राइममध्ये करणाऱ्यांसाठी: Banking मधल्या Bank Reconciliation मध्ये `Bank Date` या रकान्यात पासबुकातली तारीख घालायची. घाईत व्हाउचरचीच तारीख टाकत गेलात तर ३१ चा चेक ३१ लाच जमा झालेला दिसेल आणि पत्रकातून नाहीसा होईल.

सुताची_गाठ
१२,००० चा चेक अजून वटलेला नाही, तो जूनअखेरपर्यंत बघतो. राहिले १६,०००. दोन गिऱ्हाइकांकडून तेवढेच येणं आहे. कोणाच्या खात्यावर जमा करू?

मधली_सुट्टी
ज्याचं बिल जुनं त्याच्या.

कीर्द_खतावणी
नको. नाव कळेपर्यंत सस्पेन्समध्ये ठेवा. नेटबँकिंगच्या स्टेटमेंटमध्ये तपशील बहुधा पासबुकापेक्षा लांब असतो, आणि यूटीआर नंबर घेऊन दोघांनाही विचारता येईल.

टॅली_दादा
ताळेबंदाला सस्पेन्स दिसलं की ऑडिटर प्रश्न विचारतात. मी असतो तर आगाऊ जमा म्हणून वेगळं खातं उघडलं असतं.

कीर्द_खतावणी
त्यापेक्षा ऑडिटरने विचारलेलं परवडलं. ते पैसे जुन्या बिलाचे असतील तर आगाऊ म्हणणंच खोटं.

सुताची_गाठ
एकाला फोन केला, तो म्हणतो "बघून सांगतो". दुसरा उचलत नाहीये.