मदत हवी आहे : ताळेबंद जुळतोय, तरी निवृत्त भागीदाराची रक्कम चुकली आहे का?

मीनल

नमस्कार. एका भागीदारी संस्थेची खाती मी लिहिते. भागीदार तीन, त्यांना अ, ब, क म्हणते. नफा-तोट्याचं प्रमाण 5:3:2. ब निवृत्त झाले. अ आणि क पुढचं काम 3:2 ने चालवणार आहेत.

भांडवलं अशी : अ 3,00,000, ब 2,00,000, क 1,50,000. राखीव निधी 60,000. पुनर्मूल्यांकनात 10,000 नफा निघाला. गुडविलची किंमत तिघांनी मिळून 1,50,000 ठरवली, पण तिचं नवीन खातं उघडायचं नाही, भांडवल खात्यांतूनच समायोजन करायचं, असं लेखी ठरलं आहे. बंना 77,000 चा धनादेश लगेच द्यायचा आणि बाकी रक्कम 8 टक्के व्याजाने कर्ज म्हणून ठेवायची.

मी बंच्या वाट्याचे गुडविल 45,000 त्यांच्या खात्याला जमा केले आणि अ व क यांना 3:2 ने, म्हणजे 27,000 आणि 18,000, नावे टाकले. राखीव निधी आणि पुनर्मूल्यांकनाचा नफा 5:3:2 ने वाटला. बंचं खातं 2,66,000 वर आलं, धनादेश वजा जाता कर्ज 1,89,000. ताळेबंद पैशापर्यंत जुळला.

आता अ म्हणतात, माझ्या खात्यातून जास्त गेले. बं स्वतः वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडून म्हणतात, मला 1,80,000 च येणं लागतं. पैसे घेणाराच कमी आकडा सांगतोय म्हटल्यावर माझी झोप उडाली. चूक कुठे आहे?

ओंकार

चूक सरळ आहे. गुडविल नव्या प्रमाणात नाही, जुन्या प्रमाणात नावे टाकायचं. ब गेल्यावर अ आणि क यांचं जुनं प्रमाण 5:2 उरतं. 45,000 त्या हिशेबाने वाटा. आम्ही परीक्षेला असंच करायचो.

मीनल

ओंकार, करून बघितलं. अंना 32,143 पडतात. ते आधीच 27,000 ला हरकत घेताहेत!

दिगंबर

मीनलताई, ओंकारचं म्हणणं एका परिस्थितीत बरोबर असतं : पुढचं प्रमाण वेगळं ठरवलेलं नसेल तर. मग राहिलेले दोघे जुन्याच प्रमाणात बंचा वाटा घेतात. तुमच्याकडे 3:2 ठरलेलं आहे, म्हणून आधी कोणी किती घेतलं ते बघा.

अंचा वाटा दहात 5 होता, आता दहात 6 झाला. म्हणजे त्यांनी 1 घेतला. कचा 2 होता, आता 4 झाला, म्हणजे त्यांनी 2 घेतले. बंचे 3 भाग 1:2 ने गेले आहेत, आणि जो जितकं घेतो तितकंच त्याने मोजायचं. म्हणून अंना 15,000 आणि कंना 30,000 नावे. तुम्ही अंना 12,000 जास्त लावले होते. त्यांची तक्रार खरी आहे.

तुमचा ताळेबंद यामुळे बिघडला नाही, कारण 45,000 जमा आणि 45,000 नावे, बेरीज तीच. वाटणी अ-कमध्ये कशीही केली तरी दोन्ही बाजू जुळणारच. म्हणून ही चूक जुळवणीत कधीच दिसत नाही.

पण बंचे 9,000 याने सुटत नाहीत. एक विचारतो : जुन्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला गुडविल नावाची काही रक्कम पडून होती का?

मीनल

हो! 30,000. वर्षानुवर्षं तशीच पुढे ओढत आणली आहे. मी तिला हातच लावला नाही, म्हटलं नवीन खातं उघडायचं नाही तर जुन्याशी काय संबंध.

दिगंबर

तिथेच आहे. ते 30,000 वहीत आहेत म्हणजे त्यातले 9,000 बंच्या भांडवलात आधीच सामावलेले आहेत. त्यावर तुम्ही 1,50,000 च्या वाट्याचे पूर्ण 45,000 दिले. त्यांना गुडविलपोटी 54,000 मिळाले. आधी जुने 30,000 काढून टाका : अ 15,000, ब 9,000, क 6,000 नावे. मग बंचं खातं 2,57,000, त्यातून 77,000 गेले की कर्ज 1,80,000.

सुनंदा

माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. ते बाहेर पडले तेव्हा भागीदारांनी सगळी रक्कम हप्त्यांत दिली, व्याज एक पैसा नाही. करारात लिहिलेलंच नव्हतं. तुम्ही बंना व्याज मिळेल हे नक्की लिहून घ्या. आणि रक्कम भांडवल खात्यातच का ठेवत नाहीत? आमच्याकडे तीच ठेवली होती, मग नफ्यावरून वाद झाले.

दिगंबर

सुनंदाताई, इथे व्याज आधीच ठरलेलं आहे. पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात मीनलताईंच्या कामाचं काहीतरी आहे. रक्कम भांडवल खात्यात राहिली तर माणूस अजून भागीदारच आहे असं खातं बोलतं. म्हणून धनादेश भांडवल खात्याला नावे टाकून उरलेली सगळी शिल्लक त्याच तारखेला बंच्या कर्ज खात्यात न्यायची आणि भांडवल खातं बंद करायचं. ते कर्ज ताळेबंदात बाहेरच्या देण्यांमध्ये दाखवायचं, आणि व्याज नफा वाटपात न धरता नफा-तोटा खात्याला खर्च म्हणून लावायचं. व्याज निवृत्तीच्या तारखेपासून चालू होतं, वर्ष संपल्यापासून नाही. ब वर्षाच्या मध्यावर गेले असतील तर वर्षअखेरीला सहा महिन्यांचे 7,200 देणं म्हणून यायलाच हवेत, हप्ता पुढच्या वर्षी असला तरी.

अनघा

दिगंबरजींशी एका ठिकाणी असहमत. 30,000 काढलेच पाहिजेत असं नाही. ते पैसे मोजून विकत घेतलेलं गुडविल असेल तर वहीत राहू शकतं. तेव्हा फक्त वाढीव 1,20,000 धरा. बंचा वाटा 36,000, अंना 12,000 आणि कंना 24,000 नावे. बंची रक्कम 2,57,000 च येते.

दिगंबर

अनघाताई, मान्य. मी पडताळून पाहिलं. तुमच्या पद्धतीत मागे राहिलेले 30,000 उद्या अ आणि क यांनी 3:2 ने काढले तर अंना 18,000 आणि कंना 12,000 सोसावे लागतील. अंचे 12 आणि 18 मिळून 30 हजार, कचे 24 आणि 12 मिळून 36 हजार. माझ्या पद्धतीतही अंना 15 आणि 15, कंना 30 आणि 6. दोन्ही रस्ते एकाच जागी येतात. म्हणून प्रश्न एवढाच की ते 30,000 आले कुठून.

मीनल

जुनी रोजकीर्द काढून पाहिली. क भागीदार झाले त्या दिवशीची नोंद आहे : गुडविल खाते नावे 30,000, अ आणि ब यांचं भांडवल जमा. कोणालाही रोख दिलेली नाही. म्हणजे विकत घेतलेलं नव्हतं.

दिगंबर

मग काढूनच टाका. खातं उभं राहिलं तेव्हा क यांच्या येण्याआधीच्या प्रमाणात जमा झालं असेल, पण क आल्यापासून त्यावर तिघांचा 5:3:2 हक्क आहे. निर्लेखन त्याच प्रमाणात.

मीनल

नोंदी दुरुस्त केल्या. अ 3,05,000, क 1,28,000, बंचं कर्ज 1,80,000. बेरीज 6,13,000, मालमत्तेच्या बाजूशी जुळते. बं आकडा बघून हसले आणि लगेच सही करून गेले.

पण क आता नाराज आहेत. त्यांची शिल्लक माझ्या पहिल्या ताळेबंदात 1,46,000 होती, ती 18,000 ने खाली आली. ते म्हणतात, 3:2 ठरवताना वाटा वाढवण्याची किंमत 30,000 पडेल हे मला कोणी सांगितलंच नाही. अंना मी विचारलं, ते म्हणतात प्रमाण आता बदलायचं नाही. गुरुवारी दोघे बसणार आहेत. प्रमाण बदललं तर सगळं पुन्हा मांडावं लागेल का, की फक्त गुडविलची नोंद?

अनघा

फक्त गुडविलची. राखीव निधी, पुनर्मूल्यांकन आणि जुन्या 30,000 चं निर्लेखन जुन्या प्रमाणाने झालं आहे, ते बदलत नाही. बंचं कर्जही नाही. पण गुरुवारी जाताना क यांच्यासाठी एका कागदावर आधीचे 2 भाग, आताचे 4 भाग आणि त्यापुढे 30,000 एवढं लिहून न्या.