अनुभव धागा : मेलच्या सुरुवातीला नाव कुठलं घ्यायचं?

धागाकर्ती (उद्यमबाग, बेळगाव)
आमच्या फाउंड्रीत ग्राहकांशी पत्रव्यवहार मी बघते. कोल्हापूर, पुणे, हुबळीला लिहिताना अडत नाही. आडनाव आणि पुढे ‘साहेब’ लावलं की झालं. खरी अडचण कोईमतूर, होसूर, म्हैसूरकडे. परवा नव्या ग्राहकांची यादी एक्सेलमधून मेलमध्ये ओढत होतो. ‘मुरुगन एस.’ हे नाव कॉम्प्युटरने दोन रकान्यांत तोडलं, शेवटचा शब्द आडनाव धरला आणि प्रिव्ह्यूमध्ये आलं, ‘डिअर मिस्टर एस.’! पाठवण्याआधी दिसलं म्हणून बरं. तुम्ही ही नावं कशी हाताळता? शेवटी काय लिहिता, तेही सांगा.

खानापूरकर
इतका विचार कशाला? सगळ्यांना ‘डिअर सर’ आणि खाली ‘योर्स फेथफुली’. आमच्या वडिलांपासून हेच चालत आलंय, कुणी नाराज झालेलं नाही.

पंपवाले काका (मच्छे)
टेंडरला किंवा नाव ठाऊक नसलेल्या ऑफिसला ते बरोबरच आहे. पण रोजच्या खरेदी अधिकाऱ्याला दरवेळी ‘डिअर सर’ लिहिलं की शंभर जणांना धाडलेलं परिपत्रक वाटतं. शिवाय समोर बाई असली तर?

माझी बरीच वर्षं तमिळनाडूला माल पाठवण्यात गेली. तिकडे बहुतेकांना आपल्यासारखं आडनावच नसतं. ‘एस. मुरुगन’ आणि ‘मुरुगन एस.’ हा एकच माणूस. ‘एस.’ हे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, ते पुढे लिहा नाहीतर मागे. त्याचं स्वतःचं नाव मुरुगन, म्हणून ‘डिअर मिस्टर मुरुगन’ हेच पूर्ण आदराचं संबोधन. आपल्याला ते पहिल्या नावाने हाक मारल्यासारखं वाटतं, त्यांना तसं वाटत नाही. वडिलांचं नाव पूर्ण लिहिलेलं असलं की जास्त जपावं लागतं. ‘मुरुगन सेल्वराज’ दिसलं आणि तुम्ही ‘मिस्टर सेल्वराज’ लिहिलं, तर पत्र त्याच्या वडिलांना गेलं म्हणायचं.

एक करा. यादीत ‘संबोधन’ असा वेगळा रकाना घ्या आणि तो हाताने भरा. मेलमध्ये फक्त तोच ओढायचा, नाव तोडायचं काम कॉम्प्युटरला द्यायचंच नाही.

निपाणीची लेक
म्हणजे दक्षिणेत आद्याक्षर म्हणजे वडील, एवढं लक्षात ठेवलं की झालं ना?

पंपवाले काका (मच्छे)
तमिळनाडूत बहुतेक वेळा हो. जुन्या म्हैसूर भागात दोन अक्षरं असली तर पहिलं गावाचंही असतं. एच. डी. देवेगौडा म्हणजे हरदनहळ्ळी दोड्डेगौडा देवेगौडा, गाव आणि मग वडील. मुलगा एच. डी. कुमारस्वामी. ‘एच’ तोच, पण त्यांचा ‘डी’ देवेगौडांचा. अक्षरं तीच म्हणून एकच आडनाव समजू नका. आणि आपल्याकडे बेळगाव, धारवाडला हे काहीच लागू नाही. हिरेमठ, अंगडी, कुलकर्णी ही सरळ आडनावं आहेत.

चिकोडीचा वाचक
पण आपल्याकडे पाटील किती बघा की! हुबळीच्या एका कंपनीत खरेदीला पाटील, हिशेबाला पाटील, गेटवरही पाटील. ‘पाटील साहेब’ लिहिलेला मेल तिघांत फिरला आणि पेमेंट अडकलं. तेव्हापासून मी ‘बसवराज पाटील सर’ असं अख्खं लिहितो.

काजूवाली (चंदगड रोड)
दिवाळीच्या बॉक्सवरच्या चिठ्ठीचं विचारताय ना? आम्ही ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहितो, नावाचा घोळच होत नाही. फक्त कन्नड बायकांना ‘श्रीमती’ चालतं, आपल्या जुन्या मराठी घरांत सवाष्णीला ‘सौ.’च लागतं, तेवढं बघते.

धागाकर्ती
ताई, प्रश्न मेलचा होता, पण हे उपयोगी आहे. मेलमध्ये मी बाईंचं लग्न झालंय की नाही यात शिरतच नाही. इंग्रजीत ‘मिज’, मराठीत नावापुढे ‘मॅडम’.

काका, नुसत्या नावावरून माणूस कुठला हेच कळलं नाही तर?

पंपवाले काका (मच्छे)
त्याच्या मेलच्या तळाशी बघा. ‘रिगार्ड्स, मुरुगन’ अशी सही असली तर तेच नाव घ्या, पुढे ‘मिस्टर’ किंवा मागे ‘सर’ लावून. सहीच नसली तर पहिल्या मेलला छापलेलं नाव जसंच्या तसं लिहा, ‘डिअर मुरुगन सेल्वराज’. थोडं कोरडं वाटतं, पण चुकत नाही. आपली सहीही पूर्ण नावाची ठेवा. तिकडून ‘मिस्टर संतोष’ आलं तर पाटलांनी रागावू नये, त्यांच्या रीतीने तो मानच आहे.

निपाणीची लेक
सही पाहून नाव घ्यायचं हे पटलं. पण बेंगळुरूची तरुण मंडळी ‘हाय’ लिहून नुसतं नाव घेतात आणि ‘चिअर्स’ने संपवतात. त्यांना ‘सर’ लिहिलं की म्हणतात, नको.

खानापूरकर
त्यांनी नको म्हटलं तरी मी ‘सर’च लिहिणार. बिल मंजूर करणारा त्यांचा वरचा माणूस असतो आणि तो मेल त्यालाही कॉपी असतो.

निपाणीची लेक
मी नावच घेते, आणि वरच्या माणसाला वेगळा मेल करते. शेवटी ‘रिगार्ड्स’ दोघांनाही.