मदत हवी आहे: एसी ऑफिसात दिवसभर ओठांना काय लावावं? बाम, ऑइल की ग्लॉस?

रोज नऊ तास एसीत बसायचं असतं. दुपारपर्यंत ओठ ताणल्यासारखे होतात आणि कडेची सालं निघतात. ओठांना तैलग्रंथी जवळजवळ नसतात, त्यामुळे कोरड्या हवेत त्यांतलं पाणी लवकर उडतं. जीभ फिरवली की थुंकी वाळताना ते आणखी कोरडे पडतात.

माझ्या समजुतीप्रमाणे पाणी अडवतो तो बाम, कारण त्यात पेट्रोलियम जेली किंवा मेण असतं. लिप ऑइलने ओठ मऊ होतात, पण थर पातळ असल्यामुळे ते चहाच्या एका कपाबरोबर निघून जातं. ग्लॉस चिकट असल्याने जास्त टिकतो, पण तो मुख्यतः चमकेसाठी. शिवाय पंख्याखाली केस त्याला चिकटतात.

म्हणून सध्याचा क्रम असा: सकाळी ओठ किंचित ओले असतानाच बिनवासाच्या बामचा पातळ थर, पाच मिनिटांनी टिश्यूने हलकं टिपणं, मग फक्त खालच्या ओठाच्या मध्यभागी ऑइलचा एक थेंब. जेवणानंतर ओठ पुसून पुन्हा बाम. मेन्थॉल आणि कापूर असलेले बाम मी टाळते, गार वाटतात पण फाटलेल्या ओठांना झोंबतात.

अडचण एवढीच, की जाड बामवर ऑइल घसरतं आणि कडेला पांढरट रेघ जमते. बाम कमी घेतला तर अकरालाच ओठ सुकतात. मेणाऐवजी नुसती पेट्रोलियम जेली वापरून ही रेघ कुणाची थांबली आहे का? आणि येण्याजाण्याच्या उन्हासाठी एसपीएफ ३० चा, पांढरा थर न सोडणारा बाम कोणता?